अपरिचित कवितेचे आकलन : क्रियापदांचा आधार

अपरिचित कविता समोर आली की प्रथम तिच्याखालील प्रश्न वाचा. वीस मिनिटे हाताशी असतील, तर पहिली पाच वाचनासाठीच ठेवा. पहिल्या वाचनात खुणा करू नका. दुसऱ्या वाचनात फक्त क्रियापदे अधोरेखित करा. अलंकार शोधण्याची घाई नको. पिंपळनेरवरून वाहणाऱ्या पांझरेवर सरावासाठी रचलेल्या या ओळी पाहा :

पांझरा वाहत होती, आई कळशी भरत होती
पांझरा आटली आता, आई वाळू उकरते आहे

पहिल्या ओळीत दोन्ही क्रियापदे अपूर्ण भूतकाळाची आहेत. दुसरीत ‘आटली’ ही संपलेली क्रिया, तर ‘उकरते आहे’ ही चालू असलेली. कवितेचे वळण येथे आहे : पाणी संपले, पण आईचे काम संपले नाही, उलट अधिक कष्टाचे झाले. हा आशय आधी एका वाक्यात लिहा आणि लगेच ही क्रियापदे पुरावा म्हणून द्या. पुष्कळ विद्यार्थी येथे पाणीटंचाईवर निबंध लिहितात. कविता न वाचताही जे वाक्य लिहिता आले असते, ते उत्तरातून खोडा.

क्रियापदे फारशी नसलेली कविता आल्यास सर्वनामे व संबोधने पाहा. कोण कोणाशी बोलते, हे त्यांवरून कळते. एखादा शब्द अडला, तर तेथे न थांबता पुढची ओळ वाचा.