दोन नामांचे समास : एक यादी

आम्ही नववीच्या विद्यार्थ्यांकडून सामासिक शब्दांची यादी करवून घेतो, तेव्हा नियम एकच : दोन्ही पदे नामे असावीत. म्हणून ‘पंचवटी’ वगळावा लागतो, कारण ‘पंच’ हे संख्याविशेषण आहे. त्यानंतर प्रत्येक शब्दाचा विग्रह लिहावा. समासाचे नाव विग्रहावरूनच ठरते.

आईवडील – आई आणि वडील – इतरेतर द्वंद्व
पापपुण्य – पाप किंवा पुण्य – वैकल्पिक द्वंद्व
मीठभाकर – मीठ, भाकर वगैरे – समाहार द्वंद्व
राजवाडा – राजाचा वाडा – षष्ठी तत्पुरुष
साखरभात – साखर घालून केलेला भात – मध्यमपदलोपी
चक्रपाणी – चक्र आहे हाती ज्याच्या तो – बहुव्रीही

‘मीठभाकर’ येथे बहुतेक विद्यार्थी अडखळतात. ‘मीठ आणि भाकर’ असा विग्रह केला, तर शब्द इतरेतर वाटतो. परंतु ‘आमच्याकडे मीठभाकर खाऊन जा’ असे म्हणणाऱ्याच्या मनात केवळ या दोन वस्तू नसतात. घरात असेल ते साधे जेवण असते. ‘आईवडील’ म्हटल्यावर मात्र दोनच व्यक्ती अभिप्रेत असतात, तिसरे कोणी नाही. म्हणून शब्द आधी वाक्यात घालावा. ‘वगैरे’चा अर्थ निघाल्यास समाहार लिहावा.