नदीची खूण आणि सात कंपॅरेटर

नदीवरील पुलाच्या खांबावर फुटाफुटाच्या अंतराने रंगवलेल्या खुणा आपण पावसाळ्यात पाहतो. पाणी सहाव्या खुणेपर्यंत चढले म्हणजे खालच्या पाचही खुणा आपोआप बुडालेल्या असतात. सहावी खूण पाण्याखाली आणि चौथी मात्र कोरडी, असे दृश्य कोणी पाहिल्याचे सांगितले, तर आपण त्याच्या डोळ्यांवर तरी शंका घेऊ किंवा खांबावर तरी. विद्युतदाब मोजून तो आकड्यांत सांगणारे ‘फ्लॅश’ जातीचे अंकीय परिवर्तक याच साध्या गोष्टीवर उभे आहे. ते आम्ही विज्ञान मंडळाच्या प्रदर्शनासाठी तयार केले, तेव्हा सहावी खूण बुडालेली आणि चौथी कोरडी हे दृश्य आम्ही स्वतः डोळ्यांनी पाहिले, आणि तरीही दोन दिवस आम्हांस काही बिघडले आहे असे वाटले नाही. तो प्रकार कसा घडला हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम रचना पाहू. एक हजार ओहमचे आठ समान रोध आम्ही एकापुढे एक असे जोडले आणि त्या साखळीच्या दोन टोकांना ८ व्होल्टचा स्थिर दाब दिला. रोध समान असल्यामुळे दाब समान वाटला जातो. म्हणून खालून पहिल्या सांध्यावर १ व्होल्ट, दुसऱ्यावर २, याप्रमाणे सातव्या सांध्यावर ७ व्होल्ट मिळतात. ही झाली आमची रोधांची शिडी, म्हणजेच खांबावरील खुणा. प्रत्येक सांध्याशी एकेक कंपॅरेटर बसवला. कंपॅरेटरचे काम एवढेच की, त्याच्याकडे आलेल्या दोन दाबांपैकी मोठा कोणता ते ‘होय’ किंवा ‘नाही’ या एका शब्दात सांगणे. किती मोठा, हे तो सांगत नाही. एका बाजूस शिडीचा सांधा आणि दुसऱ्या बाजूस मोजावयाचा दाब. हा मोजावयाचा दाब सातही कंपॅरेटरांना एकाच क्षणी मिळतो आणि सातही जण एकाच वेळी उत्तर देतात. ‘फ्लॅश’ हे नाव त्यावरूनच पडले. दुसऱ्या काही जातींची परिवर्तके ‘निम्म्याहून अधिक आहे का, पाऊण भागाहून अधिक आहे का’ असे एकामागून एक प्रश्न विचारीत उत्तराजवळ जातात. येथे सर्व प्रश्न एकदम विचारले जातात.

आम्ही एल.एम. ३३९ या आयसी वापरल्या. एकीत चार कंपॅरेटर असतात, म्हणून दोन पुरल्या व एक कंपॅरेटर शिल्लक राहिला. या आयसीची एक खोड ध्यानात ठेवावी लागते. तिचे निर्गम टोक दाब वर उचलीत नाही, ते फक्त जमिनीकडे खेचू शकते. म्हणून आम्ही मोजावयाचा दाब कंपॅरेटरच्या ऋण टोकास व शिडीचा सांधा धन टोकास दिला. अशा जोडणीत मोजावयाचा दाब सांध्याहून अधिक झाला की निर्गम टोक खाली खेचले जाते आणि ५ व्होल्टपासून रोधातून तेथे जोडलेला एल.ई.डी. दिवा पेटतो. पुढच्या ७४१४८ या आयसीलाही खाली गेलेला दाब म्हणजेच ‘होय’ असे समजते, त्यामुळे मध्ये आणखी काही उलटवावे लागले नाही.

आता ४.६ व्होल्टचा दाब द्या. पहिला, दुसरा, तिसरा व चौथा दिवा पेटेल आणि पाचवा, सहावा, सातवा विझलेले राहतील. दाब वाढवीत नेला की दिव्यांची रांग खालून वर चढते, उतरवला की वरून खाली येते. तापमापकातील पाऱ्यासारखी ही चाल असल्यामुळे त्या सात उत्तरांच्या ओळीस तापमापक-संकेत म्हणतात. त्यातील सर्व ‘होय’ खाली व सर्व ‘नाही’ वर असावयास हवेत. मध्ये खंड पडता कामा नये.

परंतु सात तारा पुढे नेणे अडचणीचे आहे. शून्य ते सात या आठ उत्तरांना द्विमान पद्धतीत तीन अंक पुरतात. सातांचे तीन करण्याचे काम ७४१४८ हा प्रायॉरिटी एन्कोडर, म्हणजे अग्रक्रम पाहणारा संकेतक, करतो. त्याची रीत वर्गातील एखाद्या उतावळ्या मुलासारखी आहे: वरून पाहत यावयाचे, पहिला ‘होय’ दिसला की त्याचा क्रमांक सांगून मोकळे व्हावयाचे, आणि त्याच्या खाली काय आहे इकडे ढुंकूनही पाहावयाचे नाही. ४.६ व्होल्टच्या वेळी त्याला सर्वांत वरचा ‘होय’ चौथ्या जागी दिसतो, म्हणून तो १०० म्हणजे चार सांगतो. चार याचा अर्थ ४ ते ५ व्होल्टच्या दरम्यान कोठेतरी, यापेक्षा अधिक नाही. (तळाचा रोध निम्मा आणि माथ्याचा दीडपट घेतला, तर सर्व खुणा अर्ध्या व्होल्टने खाली सरकतात आणि आकडा खऱ्या दाबाच्या दोन्ही बाजूंस अर्ध्या व्होल्टच्या आत राहतो. आम्ही समान रोधच ठेवले, कारण ते समजावून सांगणे सोपे जाते.)

आता आमच्या फजितीकडे येतो. जोडणी झाल्यावर आम्ही २ व्होल्टच्या किंचित वर दाब देऊन पाहिला. तीन अंकांच्या दिव्यांवर दोन आले. सहाच्या किंचित वर दिला, सहा आले. सर्वांना आनंद झाला. सहाच्या वेळी दिव्यांच्या रांगेत चौथा दिवा मात्र विझलेला होता. आमच्यापैकी एकाने, ‘दिवा गेला असेल, उद्या बदलू,’ म्हटले आणि आम्ही सर्वांनी ते मान्य केले. आकडा बरोबर येत असताना एका दिव्याची कोण पर्वा करतो? प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या विज्ञानाच्या गुरुजींनी स्वतः दाबाची मूठ हातात घेतली आणि ती शून्यापासून अगदी सावकाश फिरवीत नेली. आकडे आले ते असे: शून्य, एक, दोन, तीन, तीन, पाच, सहा, सात. चार कधीच आले नाही. गुरुजी हसून एवढेच म्हणाले, “अरे, तुमच्या गावात चार नंबरचे घरच नाही की काय?”

दिवा बदलला, तरी तो पेटेना. मग व्होल्टमापक लावला, तेव्हा उलगडा झाला. चौथ्या कंपॅरेटरचे निर्गम टोक योग्य वेळी खाली जात होते, परंतु ब्रेडबोर्डवरील तेथली तार भोकात नुसती टेकलेली होती. त्यामुळे दिवा आणि संकेतक या दोघांनाही चौथ्याचे उत्तर पोचतच नव्हते. पाच व्होल्टच्या वर दाब गेला की संकेतकाला वरचा ‘होय’ दिसे व खालची उणीव झाकली जाई. फक्त ४ ते ५ व्होल्टच्या पट्ट्यात सर्वांत वरचा ‘होय’ तिसरा राही व उत्तर एकाने चुके. दोष कायमचा होता. पण आठांपैकी सात पट्ट्यांत तो आकड्यांत दिसणारच नव्हता. आम्ही नेमके दोन चांगले पट्टे तपासून समाधान मानले होते. विझलेला दिवा मात्र पाच, सहा व सात या तीनही पट्ट्यांत तक्रार करीत होता. तापमापक-संकेतात मध्येच पडलेल्या अशा खंडास या शास्त्रात बुडबुडा म्हणतात, आणि नाव समर्पक आहे.

यानंतर आम्ही मुद्दाम उलट दोष करून पाहिला. पाचव्याचे निर्गम टोक तारेने जमिनीस जोडले, म्हणजे तो सदैव ‘होय’ म्हणू लागला. आता आकडे आले: पाच, पाच, पाच, पाच, पाच, पाच, सहा, सात. मुका कंपॅरेटर एकच पट्टा बिघडवतो, पण खोटे ओरडणारा कंपॅरेटर आपल्या खालचे सर्व पट्टे बुडवतो, हे अग्रक्रमाच्या रीतीचे मोल आहे.

तरीही ही रीत निवडण्यास सबळ कारण आहे. दुसरी एक रीत अशी की, ज्या जागी ‘होय’ संपून ‘नाही’ सुरू होते ती सीमा शोधावयाची व त्या जागेचा क्रमांक तारांवर चढवावयाचा. संकेत निर्दोष असेल तर सीमा एकच असते. परंतु चौथा मुका असताना ५.४ व्होल्ट दिले, तर तिसऱ्यापाशी एक व पाचव्यापाशी एक अशा दोन सीमा सापडतात. तीन म्हणजे ०११ आणि पाच म्हणजे १०१. दोन्ही एकाच तारांवर चढले की १११ होतात, म्हणजे सात! पाचाच्या जागी सात. त्याच स्थितीत आमचा उतावळा संकेतक बिनचूक पाच सांगतो.

आमच्या यंत्रात बुडबुडा सैल तारेमुळे आला. वेगवान परिवर्तकांत तो तार घट्ट असतानाही येतो. कोणताही कंपॅरेटर नेमक्या खुणेवर निर्णय घेत नाही, काही मिलिव्होल्ट इकडे किंवा तिकडे घेतो. आमच्या खुणांमधील अंतर १ व्होल्ट, म्हणून तेवढा फरक जाणवत नाही. आठ अंकांच्या परिवर्तकात मात्र २५५ कंपॅरेटर लागतात, आणि एकंदर पल्ला २ व्होल्टचा असेल तर दोन खुणांत जेमतेम ८ मिलिव्होल्ट उरतात. शेजारच्या दोघांची चूक विरुद्ध दिशांना झाली की वरचा आधी ‘होय’ म्हणतो आणि खालचा मागाहून. एक अंक वाढवला की कंपॅरेटर सुमारे दुप्पट होतात. दहा अंकांना १०२३ लागतात. या जातीची परिवर्तके बहुधा आठ अंकांच्या आसपास थांबतात, त्याचे कारण हेच. अमेरिकेतील टी.आर.डब्ल्यू. कंपनीने १९७९ साली आठ अंकांचे असे परिवर्तक एकाच आयसीत बसवून विक्रीस आणले. सेकंदाला ३ कोटी मोजण्या करणारी ती आयसी दूरचित्रवाणीच्या चित्रसंकेतासाठी होती.

तार पक्की केल्यावर आकडे शून्यापासून सातपर्यंत क्रमाने येऊ लागले. एक गोष्ट मात्र तशीच राहिली. दाबाची मूठ अगदी ४ व्होल्टवर आणून सोडली की चौथा दिवा अर्धवट पेटतो आणि अंकांचे तीनही दिवे मंद उजळतात. घाईने पाहणारा त्यास सात समजेल. खरे पाहता दाबातील सूक्ष्म थरथरीमुळे चौथा कंपॅरेटर क्षणोक्षणी ‘होय’ व ‘नाही’ म्हणत असतो. तीनचे ०११ आणि चाराचे १०० यांत तीनही अंक बदलतात, म्हणून तीनही दिवे चुळबुळ करतात. नेमक्या त्या संक्रमणात कोणी आकडा टिपला, तर काही अंक जुने व काही नवे असा भलताच आकडा हाती येईल. म्हणून वेगवान परिवर्तकांत कंपॅरेटरांची उत्तरे आधी घड्याळाच्या ठोक्यास धरून ठेवतात आणि मगच संकेतकाकडे सोडतात. आमच्याकडे ती सोय नव्हती. प्रदर्शनात आम्ही पाहुण्यांना दाबाची मूठ ४ व्होल्टवर नेऊन ते तीन मंद दिवेच आधी दाखवले.