वीस तारखेनंतर जा

आमच्या घरात बी.कॉम. झालेली मी पहिलीच. बाबा भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर. ऑफिसात बसणारं ओळखीचं कोणीच नव्हतं, म्हणून एका प्लेसमेंटवाल्याकडे गेले. आधी फॉर्मची फी, मग ट्रेनिंगचे पैसे, शेवटी अंधेरीतल्या कंपनीचं ऑफर लेटर. त्या पत्त्यावर तशी कंपनीच नव्हती. नोकरीसाठी उमेदवाराकडे पैसे मागितले की तिथूनच उठावं.

बाबा एवढंच म्हणाले, "आमच्या शेठचे कागद कोणीतरी लिहीत असेलच ना?" छोट्या गाळ्यांचा हिशेब बहुधा बाहेरचा टॅक्स कन्सल्टंट किंवा सीए सांभाळतो. अशा एका ऑफिसात कितीतरी कारखान्यांच्या फायली असतात. म्हणजे गाळ्यागाळ्यांत विचारत फिरण्यापेक्षा तो माणूस गाठावा. त्याचं नाव कारखान्यातल्या सुपरवायझरला ठाऊक असतं, कारण बिलांचा गठ्ठा तोच पाठवतो. घरच्या कामगार माणसाची ओळख अशी कामाला येते.

कधी जायचं, यालाही महत्त्व आहे. टीडीएस भरायची तारीख ७, दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांचं जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत आणि ३बी २० पर्यंत. त्या दिवसांत दारात उभं राहिलात, तर "नंतर बघू" हेच ऐकाल. २० नंतर दुपारी जा. जुलैत मात्र आयकर विवरणपत्रांची गर्दी असते.

"नोकरी आहे का?" असं विचारलं की "नाही" म्हणणं सोपं जातं. बाबांच्या शेठच्या कन्सल्टंट सरांना मी म्हणाले, "टॅलीत खरेदीची बिलं चढवते आणि २बीशी जुळवून देते. एका पार्टीची फाईल करून दाखवू का?" पुरवठादारांनी आपल्या विवरणपत्रात दाखवलेली बिलं २बीमध्ये दिसतात, आणि हा तक्ता १४ तारखेला तयार होतो. खरेदीवहीत बिल आहे पण २बीत नाही, म्हणजे त्या पार्टीचं त्या बिलावरचं क्रेडिट अडकलं. अशा बिलांची वेगळी यादी, पुरवठादाराच्या नावानिशी, मी टेबलावर ठेवली. सरांनी ती वाचली आणि मग शिक्षण विचारलं.

कोणत्याही फर्मची खातरजमा जीएसटी पोर्टलवर 'Search Taxpayer'मध्ये फुकट होते. नोंदणीकृत धंद्याने आपला क्रमांक दारावरच्या पाटीवर लावायचा असतो; महाराष्ट्रातला क्रमांक २७ने सुरू होतो. स्थिती 'Cancelled' दिसली तर सावध व्हा. 'Active' असली तरी माणूस सचोटीचा आहे असं ठरत नाही, आणि लहान उलाढालीच्या कन्सल्टंटकडे क्रमांक नसूही शकतो.

पगार सुरुवातीला तुटपुंजाच असतो. पण नमुन्याची फाईल एकच करा, महिनाभर फुकट राबू नका. पैसे बँकेतच घ्या, कारण पुढची कंपनी पासबुकातल्या नोंदी मागते. लेटरहेडवर कामाचं पत्र घेताना त्यात टॅली, जीएसटी, बँक मेळ ही कामं नावानिशी लिहून घ्या.

पुढची जागा मला त्याच फायलींमधल्या एका कारखान्यात मिळाली. त्यांच्या अकाउंटंटशी बिलांवरून रोज फोन व्हायचा.