मंगलाष्टकांसाठी बिनवायरचा माइक

लग्नात आवाज दगा देतो तो बहुधा मंगलाष्टकांच्या वेळी, आणि दोष माइकला दिला जातो. ‘सकाळी तपासला तेव्हा उत्तम चालत होता’ हे म्हणणं खरंही असतं. पण ती तपासणी रिकाम्या कार्यालयातली असते. अक्षता टाकायला दोन-तीनशे माणसं उठून बोहल्याभोवती दाटली की परिस्थिती बदलते. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि माइकच्या रेडिओ लहरी त्यात शोषल्या जातात. रिसीव्हर कोपऱ्यातल्या टेबलावर असला की गुरुजींचे शब्द तुटू लागतात. म्हणून रिसीव्हर बोहल्याजवळ, उभ्या माणसाच्या डोक्याहून उंच ठेवावा आणि तिथून मिक्सरपर्यंत वायर न्यावी.

शिट्टीचं कारण निराळं. स्पीकरचा आवाज माइक पुन्हा उचलतो आणि तोच फिरत वाढत जातो. त्यामुळे स्पीकर माइकच्या पुढे, पाहुण्यांकडे तोंड करून, स्टँडवर उंच हवेत. पंचवीस मीटर लांब कार्यालयात पुढच्याच जोडीने शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ठरवलं, तर आवाज इतका वाढवावा लागतो की शिट्टी ठरलेलीच. त्यापेक्षा बारा मीटरवर दोन लहान स्पीकर हळू आवाजात लावावेत. आवाजाला तेवढं अंतर कापायला सुमारे ३५ मिलिसेकंद लागतात; तेवढाच उशीर मिक्सरमधून मागच्या जोडीला दिला की शब्द दुहेरी ऐकू येत नाहीत. इथे घरचे ब्लूटूथ स्पीकर लावण्याची सूचना हमखास येते. त्यांना स्वतःचाच उशीर असतो, बरेचदा शंभर मिलिसेकंदांहून जास्त, आणि तो आपल्याला कमी करता येत नाही.

आत्या-मावश्या स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणतात, तेव्हा एका हातात कागद, दुसऱ्या हातात माइक असतो आणि तो नकळत छातीपर्यंत उतरतो. तोंडापासून पाच सेंटिमीटरवरचा माइक वीसवर गेला की आवाज सुमारे १२ डेसिबल घटतो. साउंडवाला तो वाढवतो आणि शिट्टी वाजते. त्यांना आधीच सांगावं: माइक हनुवटीशी, मधल्या दांड्यावर धरा. वरची जाळी मुठीत झाकली तर माइक मागचाही आवाज उचलू लागतो. सोहळ्यात हे सांगणं वाईट दिसतं असं वाटत असेल, तर कागद धरायला शेजारी एक भाची उभी करावी.

बॅटरीचा लाल दिवा लागायची वाट पाहणं मला मान्य नाही. रिचार्ज होणारे काही लिथियम सेल शेवटपर्यंत पूर्ण ताकद दाखवतात आणि एकाएकी बंद पडतात. मुहूर्ताच्या अर्धा तास आधी दोन्ही सेल नवे घालावेत, नवा-जुना एकत्र नको. काढलेले सेल संध्याकाळच्या स्वागत समारंभाच्या तपासणीला चालतील. राखीव जोडी साउंडवाल्याच्या खिशात हवी, गाडीतल्या पेटीत नव्हे. आणि वायरचा एक माइक जोडून, चालू करून बोहल्याशी ठेवायला सांगा. मंगलाष्टकं पुन्हा म्हणता येत नाहीत.