८ जीबीत मॉडेल बसवताना

अगं, प्रबंधासाठीच्या मुलाखतींचा मजकूर बाहेरच्या कुठल्याच सर्व्हरवर टाकायचा नाही हे तू ठरवलंस, ते मला मनापासून पटलं. पण भाषा-मॉडेल स्वतःच्याच मशीनवर चालवायचं म्हणून लगेच नवा लॅपटॉप घेऊ नकोस. तुझ्या ८ जीबी रॅममध्ये काम होईल, फक्त आधी हिशेब मांडायला हवा.

लामा ३.१ चं ८ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल धर. मूळ स्वरूपात त्याचं एकेक वेट १६ बिटांचं असतं, म्हणून फाइल १६ जीबीची होते. क्वांटाइझ करताना तेच आकडे कमी बिटांत गोल करून ठेवतात. `Q4_K_M` नावाची GGUF फाइल जेमतेम ४.९ जीबीची असते, आणि दर्जा थोडासाच उतरतो. आणखी जागा वाचवायला `Q2_K` घेऊ नकोस, त्यात उत्तरं उघड बिघडतात.

आता सगळे जिथे फसतात ते ऐक. फाइल बसली म्हणजे झालं नाही. संभाषणातल्या प्रत्येक टोकनसाठी हे मॉडेल १२८ केबी रॅम वेगळी धरतं. कॉन्टेक्स्ट ४०९६ ठेवलास तर अर्धा जीबी जातो, ८१९२ ला एक जीबी. मॉडेलच्या वर्णनात १,२८,००० टोकनची क्षमता लिहिलेली असते, पण तेवढी मागितलीस तर नुसत्या कॉन्टेक्स्टलाच १६ जीबी लागतील! म्हणून llama.cpp चालवताना कॉन्टेक्स्टचा आकडा `-c` ने स्वतः दे:

```
llama-cli -m model-Q4_K_M.gguf -c 4096 -t 4
```

`-t` म्हणजे थ्रेड. प्रोसेसरचे जितके खरे कोअर असतील तितकेच दे.

एकूण ५.४ जीबी झाले. विंडोज आणि ब्राउझर मिळून सहज ३ जीबी खातात, तेव्हा ब्राउझर बंद कर. रॅम कमी पडली तर एरर येईलच असं नाही. llama.cpp फाइलचे तुकडे डिस्कवरून पुन्हापुन्हा वाचत बसतं. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १००% आणि सीपीयू रिकामा दिसला, शब्दाशब्दाला थांबायला लागलं, की रॅम अपुरी पडतेय असं समज. मग ३ अब्जांचं लामा ३.२ घे, त्याची `Q4_K_M` फाइल २ जीबीची आहे.

एक मात्र मनात ठेव, बाई. लामा ३.१ च्या अधिकृत भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. मराठी शब्दाचे टोकनही इंग्रजीपेक्षा जास्त पडतात, त्यामुळे ४०९६ लवकर भरतं. अख्खी मुलाखत एकदम देऊ नकोस. एकेका प्रश्नोत्तराचा तुकडा दे, त्याचा सारांश घे, आणि तो मूळ मजकुराशी ताडून बघितल्याशिवाय प्रबंधात घालू नकोस.