ॲड-ड्रॉपचे दिवस

अमेरिकेत एमएसला गेलात की पहिल्या एक-दोन आठवड्यांत विषय बदलता येतात. मी ३ क्रेडिटचे ४ विषय घेतले होते. मशीन लर्निंग झेपेल का, ही शंका होती. म्हणून पहिला गृहपाठ सोडवायला घेतला आणि अडलेली पायरी घेऊन प्रोफेसरांच्या ऑफिस अवर्सना गेलो. कच्चा पाया संभाव्यतेचा निघाला. तो विषय आधी कर, म्हणाले. ॲडव्हायझरकडे डिग्रीच्या अटी तपासल्या अन् मशीन लर्निंग मुदतीत सोडला. उरले ९ क्रेडिट. बऱ्याच विद्यापीठांत पूर्णवेळ एमएसला किमान तेवढे लागतातच. त्याखाली जायचं तर आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाची परवानगी आधी घ्या, नाहीतर एफ-१ दर्जा धोक्यात येतो. मुदतीनंतर सोडलेला विषय बहुधा गुणपत्रिकेवर ‘डब्ल्यू’ होऊन राहतो.