काचेवरील क्षारांचे डाग : उपचाराआधी परीक्षा

न्हाणीघरातील काचेच्या दारावर किंवा खिडकीच्या तावदानावर दिसणारा पांढुरका थर सर्वत्र एकाच स्वरूपाचा असतो, असे गृहीत धरूनच बहुतेक घरांत त्याच्यावर उपाय सुरू होतात, आणि काचेचे जे कायमचे नुकसान होते त्यातील मोठा भाग पाण्यामुळे नव्हे, तर या गृहीतकातून निवडलेल्या उपायांमुळे होतो. वस्तुतः दिसायला सारख्या असणाऱ्या या पांढरेपणामागे किमान तीन वेगळी कारणे असू शकतात. पहिले कारण म्हणजे सुकलेले क्षार, दुसरे म्हणजे साबण आणि क्षार यांच्या संयोगातून झालेला मेणचट थर आणि तिसरे म्हणजे खुद्द काचेच्या पृष्ठभागाची झालेली झीज. यांपैकी पहिल्यावर आम्ल लागू पडते, दुसऱ्यावर एकटे आम्ल जवळजवळ निष्प्रभ ठरते आणि तिसऱ्यावर कोणतेही धुणे उपयोगी पडत नाही.

जड पाणी, म्हणजे पाठ्यपुस्तकांत ज्याला दुष्फेन पाणी म्हटले जाते ते पाणी, प्रामुख्याने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांचे विरघळलेले क्षार वाहून आणते. पाणी वाहते असते तोवर हे क्षार दिसत नाहीत. परंतु काचेवर थांबलेला थेंब सुकू लागला की त्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो, विद्राव्य बायकार्बोनेटचे अविद्राव्य कार्बोनेटमध्ये रूपांतर होते आणि थेंबाच्या कडेला पांढरे कडे उरते. गीझरच्या कॉइलवर जमणारा खडा आणि काचेवरील हे कडे रासायनिकदृष्ट्या एकाच जातीचे असतात. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, एकूण काठिण्याची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम असून दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. याचा अर्थ असा की पिण्यास चालणारे पाणी काचेलाही मानवेलच, असे नाही. पुण्याच्या मध्यभागी धरणाच्या तुलनेने मृदू पाण्यावर राहणाऱ्या कुटुंबाला ही समस्या क्वचितच जाणवते, तर शहराच्या सीमेवर बोअरवेल आणि टँकर यांच्या भरवशावर असलेल्या सोसायटीत तीच काच वर्षभरात निस्तेज होते.

हे प्रमाण साध्या हिशेबानेही कळते. पाण्याचे काठिण्य लिटरमागे ५०० मिलिग्रॅम असेल आणि प्रत्येक स्नानानंतर दारावर ५० मिलिलिटर पाणी थेंबांच्या रूपाने राहत असेल, तर एका स्नानामागे २५ मिलिग्रॅम आणि घरात चार माणसे असल्यास दिवसाला १०० मिलिग्रॅम क्षार काचेवर येतात. त्यांतील निम्मेच तिथे टिकले तरी वर्षाला १८ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सुमारे चार चमचे खडूची पूड एका दारावर चिकटते.

अशाच एका सदनिकेतील प्रकरण येथे विस्ताराने पाहणे उपयुक्त ठरेल, कारण त्यात जवळजवळ प्रत्येक प्रचलित चूक एकत्र आढळते. टफन्ड काचेचे, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया करून कणखर केलेल्या काचेचे हे दार वर्ष-सव्वा वर्षात पांढरे पडल्यावर घरच्यांनी प्रथम भांडी घासण्याची तारेची घासणी कोरडीच चालवली, त्यामुळे डाग फारसे गेले नाहीत, पण तिरप्या उन्हात दिसणारे बारीक ओरखडे मात्र उमटले. त्यानंतर संडास साफ करण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल वापरण्यात आले. या आम्लाने काच खराब होत नाही हे खरे. परंतु त्यातील क्लोराइडमुळे स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्यांवरील संरक्षक पापुद्रा तुटून तांबूस खड्डे पडले, मुठीवरील क्रोमची झळाळी गेली आणि दाराखालील संगमरवरी उंबऱ्याचे पॉलिश ओघळांच्या आकारात उडाले. दाराचा वरचा भाग स्वच्छ झाला, खालचा अर्धा मात्र तसाच राहिला, आणि तेव्हा घरच्यांनी काढलेला निष्कर्ष असा की आम्ल पुरेसे तीव्र नव्हते.

हा निष्कर्ष चुकीचा होता. कमरेखालच्या भागावर साबणाचे पाणी अधिक उडते आणि साबणातील मेदाम्ले जड पाण्यातील कॅल्शियमशी संयोग पावून एक मेणचट, पाण्यात न विरघळणारा थर तयार करतात. आम्लाचे पाणी या थरावरून थेंब होऊन घसरते आणि त्याखालील कार्बोनेटपर्यंत पोहोचतच नाही. भांडी धुण्याचे द्रव साबण कोमट पाण्यात घेऊन मऊ स्पंजने तो भाग आधी धुतला आणि मगच सौम्य आम्ल लावले, तेव्हा जे तीव्र आम्लाला साधले नव्हते ते साध्या सायट्रिक आम्लाने, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या लिंबूसत्वाने, साधले. येथे प्रश्न औषधाच्या मात्रेचा नव्हता, क्रमाचा होता.

म्हणून कोणताही उपाय करण्यापूर्वी काचेच्या एका कोपऱ्यात पारखून पाहणे आवश्यक ठरते. तो कोपरा साबणाने धुऊन, कोरडा करून, त्यावर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस पाच मिनिटे धरावा. बारीक बुडबुडे दिसले आणि पुसल्यावर काच पारदर्शक झाली, तर डाग कार्बोनेटचा आहे. फरक पडला नाही, पण नखाला खरखर जाणवत असेल, तर थरात सिलिका, म्हणजे वाळूच्या जातीचे द्रव्य असण्याची शक्यता असते. दख्खनच्या बेसाल्ट खडकातून येणाऱ्या भूजलात हे द्रव्य विरघळलेले असते आणि एकदा सुकून घट्ट झाले की घरगुती आम्लांना दाद देत नाही. नख गुळगुळीत फिरते, तरीही धूसरपणा कायम आहे, असे आढळल्यास काच झिजलेली असते. काच ओली असताना स्वच्छ दिसते एवढ्यावर मात्र निदान करू नये, कारण पाणी क्षारांचा थर आणि झीज या दोहोंना सारखेच झाकते.

डाग कार्बोनेटचा ठरल्यावर एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवावे. उभ्या काचेवरून हे द्रावण क्षणार्धात ओघळून जाते आणि आम्लाला कामास वेळच मिळत नाही, ही नुसत्या फवारणीतील खरी उणीव आहे; म्हणून जुने सुती कापड किंवा कागदी रुमाल त्यात भिजवून काचेला चिकटवावेत आणि वरून प्लॅस्टिकचा पातळ कागद लावून पंधरा ते वीस मिनिटे ओले ठेवावेत. त्याहून अधिक काळ, किंवा सुकेपर्यंत, ते ठेवू नयेत, कारण लिंबूसत्व आणि कॅल्शियम यांपासून होणारे कॅल्शियम सायट्रेटही पाण्यात फारसे विरघळत नाही आणि सुकल्यास एका पांढऱ्या थराच्या जागी दुसरा उभा राहतो. थर जाड असल्यास धुऊन पुन्हा तीच कृती करणे हे तीव्रता वाढवण्यापेक्षा केव्हाही श्रेयस्कर. शेवटी भरपूर पाण्याने धुऊन रबरी पट्टीच्या वायपरने वरून खाली पाणी ओढावे आणि कडा कोरड्या कापडाने टिपाव्यात.

आम्ल सौम्य असले तरी दगडाच्या बाबतीत सावधगिरी हवीच. संगमरवर, कडप्पा आणि शहाबादी फरशी हे तिन्ही दगड मूलतः चुन्याचे, म्हणजे ज्या कार्बोनेटचा डाग घालवायचा त्याच कार्बोनेटचे बनलेले असल्यामुळे आम्ल त्यांच्यात आणि डागात भेद करत नाही. काम सुरू करण्यापूर्वी ते पाण्याने चिंब करून त्यांवर जाड ओला टॉवेल पसरावा. ग्रॅनाइटला ही भीती नसते. आम्ल आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आल्यास विषारी क्लोरीन वायू निघतो, त्यामुळे एकाच दिवशी दोन्ही न वापरणे उत्तम. काचेवर पाणी न टिकू देणारा लेप किंवा खिडकीला परावर्तक लेप असेल, तर निर्मात्याच्या सूचनेशिवाय त्या बाजूला आम्लही लावू नये आणि घासणीही. टफन्ड काचेवर पाते फिरवण्याचा मोह टाळावा. तिच्या पृष्ठभागावर भट्टीतून येताना चिकटलेले अतिसूक्ष्म काचकण असू शकतात आणि पात्याखाली सापडल्यावर ते लांबच लांब रेघ ओढत जातात.

खिडक्यांच्या बाबतीत डागांचा उगम बहुधा घराबाहेर सापडतो. उपर्युक्त सदनिकेत शयनगृहाच्या तावदानावरील उभे पट्टे वरच्या मजल्यावरील कुंड्यांतून झिरपणाऱ्या पाण्याचे होते, तर स्वयंपाकघराच्या खिडकीवरील ठिपके आरओ यंत्रातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचे. ते पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याने खिडक्या धुण्याची पद्धत अनेक घरांत आहे आणि हेतू स्तुत्य असला तरी यंत्राने पिण्याच्या पाण्यातून काढलेले क्षार त्याच पाण्यात एकवटलेले असल्यामुळे ते मूळच्या पाण्यापेक्षाही जड असते. ते संडासात ओतावे. काचेच्या अखेरच्या धुण्याला मात्र यंत्राचे शुद्ध पाणी तांब्याभर पुरते. तावदानावर रस्त्याची धूळ असते आणि तिच्यातील वाळूचे कण काचेहून कठीण असतात, म्हणून प्रथम पाणी ओतून धूळ वाहू द्यावी आणि मगच स्पंज लावावा.

आता राहिली झिजलेली काच. नेहमीची काच वाळू, सोडा आणि चुना यांपासून बनते. तिच्यावर पाणी दीर्घकाळ साचून राहिले की पृष्ठभागातील सोडियम पाण्यात उतरते, ते पाणी हळूहळू अल्कधर्मी होते आणि अल्कधर्मिता पुरेशी वाढली की काचेची सिलिकाची चौकटच विरघळू लागते. नव्या प्लॅस्टरवरून ओघळणारे पाणी मुळातच तीव्र अल्कधर्मी असल्याने इमारतीच्या दुरुस्तीच्या काळात हे नुकसान फार लवकर होते. सदर दाराच्या तळाशी, जेथे पट्टीत पाणी अडून राहत असे, तेथे बोटभर रुंदीचा असा धूसर पट्टा होता आणि तो कोणत्याही धुण्याने गेला नाही. अशा ठिकाणी काचकाम करणारे कारागीर सिरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून नमद्याच्या चकतीने पृष्ठभाग घोटतात. झीज वरवरची असेल तर काच उजळते. खोल असेल तर तेवढा भाग घोटताना तेथे खळगा पडून पलीकडचे दृश्य वेडेवाकडे दिसू लागते. दोन-तीन डागांसाठी हा खटाटोप योग्य, संपूर्ण दारासाठी नव्हे. तेव्हा काच बदलणे बहुधा स्वस्त पडते.

घरात पाणी मृदू करणारे यंत्र बसवले म्हणजे डाग पडतच नाहीत, हा समजही अपुरा आहे, कारण ते कॅल्शियमच्या जागी सोडियम देते आणि थेंब सुकल्यावर सोडियमचे क्षार उरतातच. फरक इतकाच की ते साध्या ओल्या फडक्याने पुसले जातात. स्नानानंतर लगेच अर्ध्या मिनिटात वायपर फिरवून दार कोरडे करणे हा उपाय यंत्राहून स्वस्त आहे आणि साचलेल्या पाण्यामुळे होणारी झीज, जी यंत्राने थांबत नाही, तीही त्याने टळते.